मनोऱ्यावरून सोडलेले दोन दगड

अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास भेटतो. उंच मनोऱ्यावरून एक दगड सोडला आणि बरोबर एका सेकंदाने त्याच जागेवरून तसाच दुसरा दगड सोडला. दोन्ही दगड खाली येत असताना त्यांच्यातील अंतर तेवढेच राहील, कमी होईल की वाढत जाईल? पुष्कळ विद्यार्थी उत्तर देतात की अंतर तेवढेच राहील. त्यामागची त्यांची विचारसरणीही सांगण्याजोगी आहे. पृथ्वी दोन्ही दगडांना सारख्याच त्वरणाने खाली ओढते. मग एक दुसऱ्याच्या पुढे जाण्याचे कारणच काय? यातील पहिले विधान अगदी बरोबर आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. अंतर वाढते, एका ठराविक नियमाने वाढते, आणि या वाढत्या अंतराने पतनाच्या अभ्यासात मोठमोठ्या निरीक्षकांनाही चकवले आहे.

हिशेब करण्यासाठी एक खराखुरा मनोरा घेऊ. इटलीतील बोलोन्या शहरात आसिनेल्ली नावाचा विटांचा चौकोनी मनोरा आहे. बाराव्या शतकातील हा मनोरा सुमारे ९७ मीटर उंच असून वर जाण्यासाठी ४९८ पायऱ्या चढाव्या लागतात. तो निवडण्याचे कारण पुढे येईलच. या मनोऱ्यावरील एका जागेवरून, जमिनीपासून ७८.४ मीटर उंचीवरून, आपण दोन दगड एका सेकंदाच्या अंतराने सोडत आहोत अशी कल्पना करू. ही चमत्कारिक वाटणारी उंची केवळ सोयीसाठी घेतली आहे. हवेचा अडथळा तूर्त बाजूला ठेवला, तर एवढी उंची उतरायला दगडाला बरोबर ४ सेकंद लागतात.

पडणाऱ्या दगडाचा वेग दर सेकंदाला सेकंदास ९.८ मीटर इतका वाढतो. त्यामुळे पहिल्या सेकंदाअखेर तो ४.९ मीटर, दुसऱ्या सेकंदाअखेर १९.६ मीटर, तिसऱ्याअखेर ४४.१ मीटर आणि चौथ्याअखेर ७८.४ मीटर खाली आलेला असतो. दुसरा दगड सुटतो त्या क्षणी पहिला ४.९ मीटर खाली आहे. म्हणजे तेवढे अंतर तर सुरुवातीलाच पडले. आणखी एक सेकंद गेला की पहिला १९.६ मीटरवर आणि दुसरा ४.९ मीटरवर असतो. अंतर झाले १४.७ मीटर. पुढच्या सेकंदाला ते २४.५ मीटर होते. पहिला दगड जमिनीवर आदळतो तेव्हा दुसरा अजून ३४.३ मीटर वर असतो, म्हणजे जवळजवळ दहा-अकरा मजली इमारतीएवढ्या उंचीवर.

या अंतरांची वाढ पाहावी. ४.९ वरून १४.७, तेथून २४.५, तेथून ३४.३, प्रत्येक वेळी वाढ झाली ती ९.८ मीटरचीच. अंतर वाढते खरे, पण त्याची वाढ एकसारख्या गतीने होते. दोन्ही दगड क्षणोक्षणी अधिक वेगवान होत असले, तरी त्यांच्या वेगांतील फरक बदलत नाही. दुसरा दगड सुटला त्या क्षणी पहिल्याला सेकंदाला ९.८ मीटर इतका वेग आलेला होता आणि दुसऱ्याला काहीच नव्हता. त्यानंतर दोघांनाही सारखाच वेग मिळत गेला, त्यामुळे सुरुवातीचा फरक जसाच्या तसा राहिला. त्वरण सारखे असल्याने कायम राहतो तो वेगांतील फरक. दगडांमधील अंतर कायम राहायचे, तर तो फरक शून्य असावा लागतो, आणि एका सेकंदाच्या विलंबाने तो शून्य राहू दिलेला नाही. विद्यार्थ्यांची गफलत नेमकी येथे होते.

पहिल्या दगडावर एखादा सूक्ष्म निरीक्षक बसला आहे असे मानले, तर त्याला दुसरा दगड आपल्यापासून सेकंदाला ९.८ मीटर अशा अचल वेगाने वर वर जाताना दिसेल. त्याला त्वरण असे जाणवणारच नाही. मुक्तपणे पडणाऱ्याला स्वतःचे वजन जाणवत नाही, हा विचार आइन्स्टाइन यांना १९०७ मध्ये सुचला आणि पुढे त्यातून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत उभा राहिला. आपल्या दोन दगडांपुरते बोलायचे, तर त्या विचाराचा साधा अर्थ एवढाच की दोघांच्या परस्पर गतीच्या हिशेबातून पृथ्वीचे ओढणे वजा होऊन जाते.

हे सारे कोणत्याही सूत्राविना समजून घेण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि मला तो अधिक आवडतो. दुसरा दगड नवे असे काहीच करत नाही. पहिल्या दगडाने जे केले तेच तो एका सेकंदाने मागाहून करतो. आत्ता दुसरा जेथे आहे, तेथे पहिला बरोबर एक सेकंदापूर्वी होता. म्हणजेच दोघांमधले अंतर हे पहिल्या दगडाने गेल्या एका सेकंदात कापलेले अंतर होय. पहिला जसजसा वेगवान होतो, तसतसे त्याने गेल्या सेकंदात कापलेले अंतर मोठे होत जाते. टोलनाक्यावरून ठराविक वेळाने सुटणाऱ्या मोटारींचेही असेच होते. नाक्यापाशी त्या एकमेकींना खेटून असतात आणि पुढे वेग घेतल्यावर त्यांच्यात पुष्कळ जागा पडते, मागची मोटार रेंगाळलेली नसतानाही.

यातून एक गोष्ट निघते. दगडांमधील जागेचे अंतर वाढत असले, तरी वेळेचे अंतर मात्र पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एक सेकंदच राहते. मनोऱ्याच्या कोणत्याही खिडकीत उभे राहून पाहा; पहिला दगड समोरून गेल्यानंतर दुसरा बरोबर एका सेकंदाने जाईल, मग ती खिडकी वरच्या मजल्यावरची असो वा तळाजवळची. जमिनीवर आदळल्याचे दोन आवाजही एका सेकंदाच्या अंतरानेच येतात. मनोऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते थोडे उशिरा ऐकू येतील, कारण आवाजाला ७८ मीटर वर यायला सुमारे पाव सेकंद लागतो. पण हा उशीर दोन्ही आवाजांना सारखाच असल्याने त्यांच्यातील एका सेकंदात फरक पडत नाही. शेवटच्या त्या एका सेकंदात दुसरा दगड उरलेले ३४.३ मीटर कापतो आणि वाढत आलेले सगळे अंतर एका झटक्यात मिटते.

अंतर वाढते याचा अर्थ वेग वाढतो, हा युक्तिवाद फार जुना आहे. इसवीसनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अथेन्समधील ॲरिस्टॉटलच्या विद्यापीठाचा प्रमुख असलेल्या स्ट्रेटो या तत्त्ववेत्त्याने तो मांडला होता. त्याचा मूळ ग्रंथ उरलेला नाही, पण सहाव्या शतकातील सिंप्लिशियस या भाष्यकाराने त्याचे म्हणणे नोंदवून ठेवले आहे. उंचावरून पडणारे पाणी वर सलग धार असते आणि खाली येता येता तुटून सुटे होते. पुढचे पाणी मागच्यापेक्षा अधिक वेगाने जात नसते, तर असे झाले नसते, असे स्ट्रेटोचे म्हणणे. पावसाळ्यात कौलावरून गळणारी पागोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. मात्र आज त्यात एक दुरुस्ती करावी लागते. पडताना धार ताणली जाते आणि बारीक होते, हे वेगवाढीमुळेच. परंतु तिचे थेंब होतात ते पाण्याच्या पृष्ठताणामुळे. स्ट्रेटोचा निष्कर्ष बरोबर होता, पुरावा मात्र अर्धाच त्याच्या बाजूचा होता.

वेग वाढतो हे एकदा मान्य झाल्यावर तो कोणत्या नियमाने वाढतो, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर गॅलिलिओने १६३८ मध्ये लायडन येथे छापून आलेल्या आपल्या ग्रंथात दिले. उभे पतन मोजण्याइतकी घड्याळे त्याच्यापाशी नव्हती, म्हणून त्याने काशाचा गोळा उतरत्या खाचेतून घरंगळत सोडला आणि भांड्यातून गळालेल्या पाण्याचे वजन करून वेळ मोजली. स्थिर अवस्थेतून निघालेली वस्तू एकामागोमाग येणाऱ्या समान कालखंडांत जी अंतरे कापते, ती १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात असतात, असा नियम त्याने मांडला. आता आपल्या दोन दगडांतील अंतरे पुन्हा पाहावीत. ४.९, १४.७, २४.५ आणि ३४.३ यांना ४.९ ने भागले की हाती येतात १, ३, ५ आणि ७. हा योगायोग मुळीच नाही. दोन दगडांमधले अंतर म्हणजे पहिल्याने गेल्या सेकंदात कापलेला टप्पा, हे आपण पाहिलेच आहे. गॅलिलिओचा विषम संख्यांचा नियम एका दगडाविषयी आहे. तोच एका सेकंदाने सुटलेल्या दोन दगडांचे चित्रही आहे.

गॅलिलिओने उतारावर काढलेला नियम उभ्या पतनाला खरोखर लागू पडतो का, हे पडताळण्याचे काम ज्यांनी केले ते त्याचे अनुयायी नव्हते. जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली हे बोलोन्यातील जेझुइट धर्मगुरू. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत त्यांना मान्य नव्हते आणि गॅलिलिओच्या पतनाच्या नियमाविषयीही त्यांना शंका होती. १६४० नंतरच्या दशकात त्यांनी सहकारी फ्रान्चेस्को मारिया ग्रिमाल्दी आणि इतरांना बरोबर घेऊन आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे सोडून पाहिले. वरून गोळा सुटल्यापासून खाली आदळेपर्यंत किती वेळ गेला, हे लंबकाचे झोके मोजून ठरवायचे होते.

पण लंबकाचा एक झोका म्हणजे किती वेळ, हे आधी कळायला हवे. त्यासाठी रिच्चोलींनी १६४२ मध्ये नऊ धर्मगुरूंना चोवीस तास पाळीपाळीने लंबकाचे झोके मोजायला बसवले. एका झोक्याला एक सेकंद लागत असता, तर आकडा ८६,४०० आला असता. तो आला ८७,९९८. चूक दोन टक्क्यांहून कमी होती, तरी रिच्चोलींना ती पसंत पडली नाही आणि त्यांनी ही मोजणी आणखी काही वेळा करवली. गोळ्यांसाठी मात्र त्यांनी सेकंदाला सहा झोके घेणारा चिमुकला लंबक वापरला. अशा लंबकाची लांबी पावणेतीन सेंटीमीटरच्या आसपास भरते. सेकंदाला सहा या गतीने न चुकता मोजत राहणे किती अवघड आहे, हे कोणीही घरी दोरा आणि बोल्ट घेऊन अजमावून पाहावे.

१६५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘आल्माजेस्टम नोवुम’ या प्रचंड ग्रंथात या प्रयोगांची कोष्टके आहेत. त्यांतील एक असे. पाच झोक्यांत गोळा १० रोमन फूट खाली येतो, दहा झोक्यांत ४०, पंधरा झोक्यांत ९०, वीस झोक्यांत १६० आणि पंचवीस झोक्यांत २५० फूट. एकातून एक वजा केल्यास टप्पे येतात १०, ३०, ५०, ७० आणि ९० फूट. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर बोलोन्यात पाच झोक्यांच्या अंतराने दोन गोळे सोडले असते, तर ते एकमेकांपासून १०, मग ३०, मग ५० अशा फुटांवर दिसले असते. कोष्टकातील आकडे जरा जास्तच नीटनेटके आहेत, यात शंका नाही. ते कागदावर उतरताना थोडे घासूनपुसून घेतले असावेत असे मनात येते. तरीही ज्या नियमाविषयी शंका होती, तोच आपल्या मोजणीतून बाहेर पडल्यावर रिच्चोलींनी तो उघडपणे मान्य केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

येथपर्यंत आपण दुसरा दगड मुद्दाम उशिरा सोडत होतो. खरी अडचण येते ती दोन्ही दगड एकाच वेळी सोडायचे असतात तेव्हा. जड आणि हलकी वस्तू बरोबरीने पडते का, हे पाहण्याचा सर्वांना ठाऊक असलेला प्रयोग म्हणजे दोन हातांत दोन गोळे घेऊन ते एकदम सोडणे. पिसाच्या कलत्या मनोऱ्याची गोष्ट याच प्रयोगाची. ती गॅलिलिओचा शिष्य व्हिव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रातून आलेली आहे. पण ‘एकदम’ म्हणजे किती एकदम? समजा, एका हाताने दुसऱ्यापेक्षा सेकंदाचा विसावा भाग उशीर केला. डोळ्यांना तो जाणवणारही नाही. दुसरा गोळा सुटेल तेव्हा पहिला जेमतेम सव्वा सेंटीमीटर खाली गेलेला असेल, म्हणजे बोटाच्या जाडीएवढाच. मात्र त्या क्षणी पहिल्याला सेकंदाला सुमारे अर्धा मीटर एवढा वेग आलेला आहे आणि वेगातला हा फरक आता शेवटपर्यंत सुटणार नाही. दर सेकंदाला अर्धा मीटर या हिशेबाने, ७८.४ मीटरच्या तळाशी पोहोचेपर्यंत सव्वा सेंटीमीटरचे अंतर जवळजवळ दोन मीटर झालेले असते. खाली उभा असलेला प्रेक्षक शपथेवर सांगेल की एक गोळा माणसाच्या उंचीपेक्षा अधिक अंतराने पुढे होता.

गॅलिलिओ स्वतः तरुणपणी याच कोड्यात सापडला होता. १५९० च्या सुमारास, पिसा येथे असताना, त्याने गतीविषयी एक प्रबंध लिहिला होता. तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही. लाकडाचा आणि शिशाचा गोळा उंचावरून सोडला असता सुरुवातीला लाकडाचा गोळा पुढे असतो आणि नंतर शिशाचा गोळा त्याला मागे टाकून बराच पुढे निघून जातो, असे त्याने त्यात लिहिले आहे. हलकी वस्तू आधी पुढे जाते हे भौतिकशास्त्राला धरून नाही. त्यामुळे गॅलिलिओने हा प्रयोग केलाच नसावा, अशी शंका घ्यायलाही जागा होती. अमेरिकन विज्ञान-इतिहासकार थॉमस सेटल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हे कोडे प्रयोगानेच सोडवले. हात पुढे ताणून, तळवे खाली करून, एका हातात जड आणि दुसऱ्या हातात हलका गोळा धरून दोन्ही एकाच क्षणी सोडायला सांगितले आणि त्याचे चित्रण केले. सोडणाऱ्याची खात्री होती की आपण दोन्ही एकदम सोडले. चित्रणात मात्र हलका गोळा आधी सुटलेला दिसला. जड गोळा धरून ठेवलेला हात अधिक घट्ट आवळलेला आणि थकलेला असतो, त्यामुळे तो उघडायला किंचित अधिक वेळ घेतो. गॅलिलिओने जे पाहिले ते खरेच घडत होते, फक्त ते गोळ्यांमुळे नव्हे, तर हातामुळे.

मग शिशाचा गोळा नंतर पुढे का गेला? त्याचे कारण हवा. हवेचा अडथळा वस्तूच्या आकारावर आणि वेगावर अवलंबून असतो, वजनावर नाही. सारख्याच आकाराच्या दोन गोळ्यांना सारख्या वेगाला सारखाच अडथळा होतो, पण हलक्या गोळ्यावर त्याचा परिणाम अधिक होतो. रिच्चोलींनीही हे पाहिले होते. एकाच आकाराचे मातीचे दोन गोळे, एक भरीव आणि दुसरा आतून पोकळ, त्यांनी मनोऱ्यावरून एकदम सोडले. भरीव गोळा फरसबंदीवर आदळला तेव्हा पोकळ गोळा अजून बरेच फूट वर होता. विषम संख्यांच्या नियमात गॅलिलिओ बरोबर होता. मात्र हवेतून पडणाऱ्या जड आणि हलक्या गोळ्यांत फरक पडतो, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे लिहून ठेवले.

आता प्रश्न असा की दोन गोळ्यांतील अंतर हाताच्या चुकीने पडले की हवेने, हे ओळखायचे कसे? तळाशी पाहून ते कळत नाही, कारण तेथे दोन्ही परिणाम साधारण सारख्याच मापाचे असतात. पाच सेंटीमीटर व्यासाचा एक दगडी आणि एक लोखंडी गोळा ७८ मीटरवरून सोडला, तर केवळ हवेमुळे दगडी गोळा शेवटी सुमारे साडेतीन मीटर मागे पडतो. हाताच्या विसाव्या भागाच्या चुकीने पडणारे दोन मीटर याच पंक्तीत बसतात. फरक दिसतो तो अर्ध्या वेळेला. हाताच्या चुकीने पडलेले अंतर एकसारख्या गतीने वाढते. म्हणून चार सेकंदांच्या प्रवासात दोन सेकंदांअखेर ते निम्मे, म्हणजे सुमारे एक मीटर झालेले असते. हवेमुळे पडणारे अंतर सुरुवातीला नगण्य असते, कारण तेव्हा वेगच कमी असतो. दोन सेकंदांअखेर ते पाव मीटरच्या आसपासच असते आणि उरलेले सारे पुढच्या दोन सेकंदांत पडते. वाटेत मध्यावर एक छायाचित्र घेतले की दोषी कोण ते कळते. छायाचित्रणाची सोय नसेल, तर गोळ्यांची पाळी बदलून, कधी हा गोळा आधी तर कधी तो, असे मुद्दाम ठरवून प्रयोग पुनःपुन्हा करावा. हवेची चूक नेहमी हलक्या गोळ्याच्या वाट्याला येते. हाताची चूक मात्र पाळीबरोबर बाजू बदलते. आणि दोन्ही हातांऐवजी एकच फळी झटक्यात सरकवून गोळे सोडता आले, तर हाताचा प्रश्नच फारसा उरत नाही.

हवेचा विचार एकदा आत आला की आपल्या मूळच्या, एका सेकंदाने सोडलेल्या दोन सारख्या दगडांचेही चित्र थोडे बदलते. पाच सेंटीमीटर व्यासाच्या दगडी गोळ्यांत, चार सेकंदांअखेर ३४.३ मीटरऐवजी सुमारे साडेतीस मीटरचेच अंतर पडते. मनोरा खूप उंच असता, तर हे अंतर वाढता वाढता शेवटी थांबले असते. पडणाऱ्या वस्तूचा वेग एका मर्यादेपर्यंतच वाढतो; अडथळा वजनाच्या बरोबरीला आला की त्यापुढे वेग तसाच राहतो. वेग थांबला की गेल्या सेकंदात कापलेले अंतरही ठराविकच राहणार. टेबलटेनिसच्या चेंडूसाठी ही मर्यादा सेकंदाला सुमारे ९ मीटर एवढीच आहे आणि काही मजल्यांतच तो तिच्याजवळ पोहोचतो. एका सेकंदाने सोडलेले असे दोन चेंडू मग सुमारे ९ मीटरचे अंतर राखून खाली उतरत राहतात. म्हणजे ‘अंतर तेवढेच राहील’ असे उत्तर देणारा विद्यार्थी चेंडूंच्या बाबतीत बराचसा बरोबर ठरला असता, अर्थात त्याने दिलेल्या कारणामुळे नव्हे. वेळेचे अंतर मात्र येथेही एक सेकंदच राहते, हवा स्थिर असेल तर. मधूनच वाऱ्याचा झोत आला, तर दुसरा चेंडू पहिल्याचा मार्ग हुबेहूब गिरवू शकत नाही, आणि मग खाली ऐकू येणाऱ्या दोन आवाजांतही एका सेकंदाचे अंतर उरत नाही.

परीक्षेच्या प्रश्नात ‘हवेचा अवरोध दुर्लक्षित धरावा’ ही ओळ छापलेली असते ती याचसाठी. ती ओळ असेल तेव्हा उत्तर मोजके आहे: दुसरा दगड सुटताना पडलेले अंतर घ्यावे, आणि त्यात त्या क्षणीचा पहिल्याचा वेग गुणिले त्यानंतर गेलेले सेकंद मिळवावेत. अर्ध्या सेकंदाने सोडलेल्या दगडांसाठी पहिली रक्कम सुमारे १.२ मीटर आणि वेग सेकंदाला ४.९ मीटर, आपल्या मनोऱ्यावर दुसरा दगड सुटल्यानंतर पहिल्याचे साडेतीन सेकंद उरतात, त्यामुळे पहिला आदळताना दोघांत सुमारे १८.४ मीटर अंतर असते. एका सेकंदाच्या विलंबाला ३४.३ मीटर पडले होते. निम्म्या विलंबाला निम्म्याहून थोडे अधिक अंतर का पडले, असा प्रश्न वर्गात कोणी विचारला, तर त्याचे उत्तरही वर येऊन गेले आहे: शेवटच्या एका सेकंदातला दुसरा अर्धा भाग पहिल्या अर्ध्यापेक्षा अधिक वेगाचा असतो.